शाळा टाळणारी मुलगी

प्रश्न: १३ वर्षांची मुलगी महिनाभर शाळेत गेलेली नाही. सकाळी पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी ठणठणीत. काय करावं?

आधी डॉक्टरांकडून तपासणी करा आणि शाळेत कुणी छळतंय का, हे तिला शांतपणे विचारा. दोन्ही नसेल तर घरातलं चक्र कागदावर मांडा. बहुधा ते असं असतं: पोट दुखलं की आई थांबवते, बाबा ओरडतात, मग दोघांचं भांडण. घरी राहिल्यावर तिला लगेच हायसं वाटतं, म्हणून उद्याची भीती वाढते. दोष कुणाचाच नाही, पण सकाळी दोघांचं वाक्य एकच हवं: "दुखतंय हे खरं, तरी ठरलेला एक तास जायचंय."

तो तास तिच्या आवडत्या विषयाचा ठेवा. दोन-तीन दिवस जमला की पुढचा जोडा. घाबरली तर शाळेतच शांत खोलीत बसू द्या, घरी आणू नका. नाहीतर सुटकेची सवय पक्की होते.

वर्गशिक्षिकेशी एकाच पालकाने बोलावं. "इतके दिवस कुठे होतीस?" असं वर्गात कुणी विचारू नये आणि मागचा अभ्यास सध्या मागू नये, एवढं नक्की मागा.

मरणाचं किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.