सुतार पक्ष्याच्या डोक्यातलं 'शॉक ॲब्सॉर्बर'

प्रश्न: सुतार पक्षी दिवसभर झाडावर डोकं आपटतो, मग त्याच्या मेंदूला इजा का होत नाही?

मुख्य कारण म्हणजे त्याचा मेंदू फार छोटा आणि हलका असतो. धक्का तोच असला तरी लहान मेंदूत निर्माण होणारा दाब कमी राहतो. मुंगी उंचावरून पडूनही वाचते, तसंच काहीसं.

कवटीतलं जाळीदार हाड हेल्मेटसारखा धक्का शोषतं, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. 2022 मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन जातींच्या सुतार पक्ष्यांचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि चोचीवरच्या व डोळ्याजवळच्या बिंदूंची हालचाल मोजली. चोच खोडावर आदळली की डोकंही जवळजवळ तितक्याच झटक्यात थांबत होतं. म्हणजे मध्ये काहीच दबत नव्हतं. आणि ते बरंच आहे! हातोड्याला उशी बांधली तर खिळा आत जाईल का?

जिभेची रचना मात्र खरोखर विलक्षण आहे. तिला आधार देणारी लवचिक हाडं कवटीच्या मागून वळसा घेत डोक्यावरून कपाळाकडे येतात. काही जातींत थेट नाकपुडीपर्यंत. पण या लांबीचं मुख्य काम मेंदूला धक्क्यापासून वाचवणं नव्हे, तर जीभ खोल भोकात सोडून अळ्या बाहेर काढणं.