ओव्हरटाइम आणि बदली सुट्टी: दोन वह्या वेगळ्या ठेवा

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे, पंचवीस माणसं. सीझनला लोक उशिरापर्यंत थांबतात, कधी सुट्टीच्या दिवशीही येतात. मुकादम डायरीत लिहितो, महिनाअखेर पगाराला वाद होतो. नोंद कशी ठेवावी?

उत्तर: भाऊ, वादाचं मूळ बहुतेक त्या डायरीतच असतं. ती एकाच माणसाच्या हातात असते आणि ज्याचे तास त्यात लिहिलेत त्याला ती पगाराच्या दिवशीच दिसते. शिवाय जादा तास आणि सुट्टीच्या दिवसाचं काम तिथे एकाच रकान्यात पडतं. ते आधी वेगळं करा. जादा तासांचे दुप्पट दराने पैसेच द्यायचे, त्याबदल्यात सुट्टी देऊन हिशेब मिटवायचा नाही. साप्ताहिक सुट्टीला बोलावलं, तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. मात्र त्या आठवड्यात 48 च्या वर तास गेले का, तेही मोजायचं.

एक उदाहरण घ्या. ऑपरेटरचा पगार 15,600 आणि पाळी साडेपाचला सुटते. तुरीचा ट्रक उशिरा आला म्हणून तो 8:10 पर्यंत थांबला. 15,600 भागिले 26 म्हणजे रोज 600, तासाला 75, दुप्पट 150. दोन तास चाळीस मिनिटांचे 400 रुपये झाले. मुकादमाने डायरीत नुसतं ‘2 तास’ लिहिलं, तर 300 मिळतात आणि 100 रुपये गेले. म्हणून वहीत तास लिहूच नका, कामाला लागल्याची आणि सुटल्याची वेळ लिहा. तास मुनीम काढेल.

मंजुरी शक्यतो काम सुरू होण्याआधी घ्या: कोण, कशासाठी, अंदाजे किती वाजेपर्यंत. तुम्ही बाहेर असाल तर मुकादमाने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारावं, तुमचा होकार तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खरी वेळ वहीत चढवायची, मुकादमाची सही, कामगाराची सही. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी नवी वेळ आणि दोघांच्या सह्या. खाडाखोड किंवा व्हाइटनर दिसला की ती नोंद कुणीच मानत नाही.

बरेच मालक इथेच चुकतात: मंजुरी नव्हती म्हणून पैसे कापतात. माणूस थांबला, मुकादमाने थांबू दिलं आणि काम झालं, तर पैसे द्यायचेच. न विचारता थांबवल्याचा जाब मुकादमाला विचारा, त्याचा भुर्दंड कामगारावर नको.

बदली सुट्टीच्या वहीत प्रत्येकाचं एक पान ठेवा. कोणत्या तारखेला काम केलं, सुट्टी कधीपर्यंत द्यायची आणि प्रत्यक्षात कधी दिली, एवढे तीन रकाने पुरतात. मधला रकाना फार महत्त्वाचा. मार्च ते मे धावपळीत सुट्ट्या साठतात आणि मुदत उलटल्यावर लक्षात येतं. मुनीम दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही पानं उलटून बघतो, असा नेमच करून टाका.

पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइमचे तास, त्याची रक्कम आणि शिल्लक बदली सुट्ट्या वेगवेगळ्या ओळींत छापा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना पगाराआधी दोन दिवस मुनीमाने वाचून दाखवावं. तेव्हा निघालेली चूक त्याच पगारात दुरुस्त होते.