खो-खोचं धावतं समालोचन: कागदावर काय लिहायचं आणि तोंडावर काय सोडायचं

प्रश्न: आमच्या कम्युनिटी रेडिओवरून तालुक्याच्या खो-खो स्पर्धेतला मुलींचा अंतिम सामना थेट सांगायचा आहे. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून वाढलो, पण खो-खो इतका भरभर होतो की सांगेपर्यंत तीन खो होऊन जातात. स्क्रिप्ट कशी बांधायची?

उत्तर:

तीन खो निसटतात ते निसटू द्या. खो-खोत दर एक-दोन सेकंदाला पाठलाग करणारी बदलते. तिच्या मागे लागलात तर "चारने आठला खो, आठने दोनला खो" एवढंच होतं, आणि घरी ऐकणाऱ्या आजीला कोण पळतंय, कोण वाचतंय याचा पत्ताच लागत नाही. तुमची नजर पळणारीवर ठेवा. ती एक-दोन मिनिटं तीच असते, तिचं वर्णन करायला सवड मिळते. खो सांगायचं काम मैदानाच्या आवाजाकडे सोपवा. दुसरा माईक मधल्या पाटीच्या रेषेत, खांबाच्या मागे, लहान स्टँडवर मैदानाकडे तोंड करून ठेवा. खेळाडूंचे "खो! खो!" त्यात येतात आणि खेळाचा वेग ऐकणाऱ्याला आपसूक कळतो. फक्त आयोजकांच्या भोंग्यापासून तो दूर हवा. नाहीतर खो ऐवजी "मोटरसायकल नंबर अमुक बाजूला घ्या" हेच गावभर जाईल.

स्क्रिप्ट म्हणजे वाचून दाखवायचा निबंध समजू नका. प्रत्येक पाळीला एक कागद, बहुतेक रिकामा, एवढंच पुरे. तो तुकडीप्रमाणे आखायचा. संरक्षण करणाऱ्या 9 जणी तीन-तीनच्या तुकडीने मैदानात येतात, आणि कोणती तुकडी कोणत्या क्रमाने येणार हे पाळी सुरू होण्याआधीच गुणलेखकाकडे लिहून द्यावं लागतं. समालोचनाचा खरा आधार तोच कागद आहे. गुणलेखकाशेजारी बसून नंबर आणि नावं उतरवून घ्या. जर्सीवरचा नंबर पाठीवरच असेल तर पळणारी समोरून येताना तो दिसत नाही, म्हणून नावापुढे ओळखीची खूणही टाका: दोन वेण्या, उंच, पिवळी रिबन.

त्याआधी एक गोष्ट आयोजकांना विचारून घ्या: सामना कोणत्या नियमाने? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला विश्वचषक बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलाय. तिथे मैदानात 7 खेळाडू होते आणि एक गडी टिपला की 2 गुण. आपल्याकडच्या तालुका स्पर्धा बहुधा जुन्या पद्धतीनेच होतात: 9 खेळाडू, एका बादला 1 गुण, खुल्या गटात 9 मिनिटांची पाळी, लहान गटात 7 ची. दोन डाव, म्हणजे प्रत्येक संघ दोनदा पाठलाग करणार आणि दोनदा पळणार. हे सुरुवातीला तीन वाक्यांत सांगितलं नाही, तर सात बाद झाल्यावर "चौदा गुण का नाही?" असे फोन स्टुडिओत येतात.

मैदान डोळ्यांसमोर उभं करायला डावं-उजवं, उत्तर-दक्षिण वापरू नका. रेडिओसमोर बसलेल्याला तुम्ही कुठे तोंड करून बसलात ते माहीत नाही. दोन्ही खांबांना आणि दोन्ही बाजूंना गावातली नावं द्या. समजा मैदान जिल्हा परिषदेच्या शाळेचं आहे: एक खांब टाकीकडचा, एक बाभळीकडचा, एक बाजू मंडपाची, एक कपाशीची. मधल्या पाटीवर आठ जणी बसतात, एकीचं तोंड मंडपाकडे, दुसरीचं कपाशीकडे. त्यांच्या चौकटी टाकीपासून मोजायच्या. हे कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एकदा म्हणा. मग "चौथ्या चौकटीपाशी आतून निघाली, कपाशीच्या अंगाला" एवढ्यात चित्र उभं राहतं. पाठलाग करणारीला बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही, घेतलेली दिशा सोडता येत नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो. पळणारीला मात्र सगळं खुलं. या खेळातली गंमत या एका फरकातच आहे, म्हणून पहिल्या पाळीत तो दोन-तीनदा सांगा, पुढे नको.

आता एक पाळी मांडून दाखवतो. लाल संघ पळतोय, निळा पाठलागावर. गुणलेखकाकडून घेतलेला क्रम: पहिली तुकडी 7, 2, 11. दुसरी 5, 9, 1. तिसरी 4, 8, 12. कागदावर तीन रकाने पाडा आणि प्रत्येक नंबरपुढे वेळेची जागा मोकळी ठेवा. लिहून ठेवायचं वाक्य फक्त सुरुवातीचं: "पंचांची शिटी, नऊ मिनिटांची पाळी सुरू, लालकडून पहिली तुकडी मैदानात: सात, दोन आणि अकरा." पुढचं जागेवर.

1 मिनिट 10 सेकंदांनी 2 नंबर टाकीकडच्या खांबावर बाद. 1.50 ला 11 नंबरला सूर मारून टिपलं. आता 7 नंबर एकटी उरली आणि ती 3.05 पर्यंत पळाली. इथे समालोचकाला सूर लावायला जागा मिळते, कारण मैदानात पळणारी एकच आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर: "सात नंबर, बाभळीकडे... मागे खो... थांबली... हूल दिली, निळी गेली पुढं! ही आतून निघाली, मंडपाच्या बाजूला... दोन मिनिटं चाळीस झाली, पोरगी काही हाती लागत नाही!" वाक्यं तुटकच हवीत. क्रियापद गळालं तरी चालेल. आपल्या बोलीतला "लय चपळ हाय पोट्टी" असा एखादा उद्गार सहज आला तर येऊ द्या, पण ओढूनताणून वऱ्हाडी नको, लगेच कळतं.

3.05 ला तिसरी बाद झाली की नियमच तुम्हाला उसंत देतो. जिने टिपलं तिला नव्या तुकडीतल्या कुणाला लगेच बाद करता येत नाही, आधी खो द्यावा लागतो, आणि नव्या तिघींनी दोन खो व्हायच्या आत मैदानात उतरायचं असतं. सेकंद थोडेच मिळतात, पण रकाना पुढे न्यायला पुरतात: "तीन बाद, तीन मिनिटं पाच. सात नंबरचा खेळ तीन मिनिटं पाच सेकंद. दुसरी तुकडी: पाच, नऊ, एक." या तीन गोष्टी याच क्रमाने, प्रत्येक तुकडीला. ऐकणाऱ्यांनाही त्याची सवय होते.

दुसरी तुकडी 3.50, 4.40 आणि 6.20 ला संपली. तिसरीतली 4 नंबर 7.30 ला गेली, 8 आणि 12 शेवटच्या शिटीपर्यंत टिकल्या. म्हणजे निळ्याला 7 गुण, आणि या दोघी प्रत्येकी 2 मिनिटं 40 सेकंद नाबाद. ही वजाबाकी बोलणाऱ्याने करायची नाही. म्हणून माणसं दोन हवीत: एक मैदान सांगणारा, एक कागद सांभाळणारा. वेळ आणि गुण फक्त कागदवालाच बोलेल हे आधी ठरवून टाका, नाहीतर दोघे दोन आकडे सांगतात. कागदवाल्याचं घड्याळही पंचांच्या शिटीवरच सुरू आणि बंद.

बाद सांगण्याचाही एक क्रम आहे. आधी "बाद!", मग नंबर, मग कशी, मग किती वेळ. "सुंदर सूर मारत निळ्या संघाच्या आठ नंबरने अखेर..." असं लांबण लावलं तर तुमच्याआधी मैदानातला जल्लोष रेडिओवर जातो आणि ऐकणारा ओरडतो, "अरे, कोण गेलं?" रेकॉर्डिंग ऐकताना हेच तपासा: जल्लोषानंतर तुमचा "बाद" किती उशिरा येतो? नेहमीच दोन-तीन सेकंद मागे असाल तर तुम्ही सविस्तर सांगण्याच्या नादात मागे पडताय. मात्र जल्लोष झाला म्हणजे बाद झाली असंही नाही. शिटी फाउललाही वाजते. पंचांनी काय दिलं ते बघा, तोवर "हात लागला का? पंचांकडे बघू" एवढंच. एकदा दिलेला बाद रेडिओवर परत घेणं फार अवघड, कारण निम्मे लोक तोवर चहाला उठलेले असतात.

पूर्ण लिहून न्यायचा भाग मधल्या विश्रांतीचा. पाळीनंतर साधारण 5 मिनिटं, दोन डावांच्या मध्ये 9. पहिलं अर्धं मिनिट गुणफलक, बाकी आधी तयार केलेला मजकूर: गावातल्या जुन्या खेळाडूची ध्वनिमुद्रित मुलाखत, एखादा नियम, किंवा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं ती गोष्ट. नेमकं याच वेळी मंडपात पाहुण्यांचं भाषण सुरू होतं. स्थानिक सामन्याचं थेट समालोचन कम्युनिटी रेडिओला चालतं, राजकीय भाषण चालत नाही. म्हणून मैदानाचा माईक बंद करून स्टुडिओकडे द्या.

शेवटच्या पाळीचा कागद मात्र वेगळा आखा. समजा पहिल्या डावात निळा 7, लाल 6. दुसऱ्या डावात निळ्याने आणखी 6 केले, म्हणजे एकूण 13. आता पाठलाग लालचा. बरोबरीला 7 हवेत, जिंकायला 8. इथून "किती झाले" सोडा, "किती हवेत" धरा. कागदावर 8 पासून 0 पर्यंत उतरता आकडा लिहा आणि प्रत्येक बादनंतर एक खोडत जा: "लालला आणखी तीन हवेत, वेळ उरलाय दोन मिनिटं दहा." एखादी पळणारी टिकून राहिली की तिच्या प्रत्येक वळणाला याच दोन आकड्यांमुळे वजन येतं. सात झाले आणि शिटी वाजली तर अलाहिदा डाव, आणि त्यासाठी एक कोरा कागद खाली ठेवलेला असावा. सामना संपल्यावर निकाल दोन वेळा सांगा, दोन्ही वेळा संघाचं नाव, गाव आणि दोन्ही डावांचे गुण वेगवेगळे. शेतावरून येऊन आत्ताच रेडिओ लावणारे बरेच असतात.