आधी इमोजीची माफी मागा

ताई, आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ५२ जणांचा. काल शनिवारी आम्ही चौघीजणी तलावपाळीला भेटलो. मैत्रीण आईस्क्रीम खात असताना मी फोटो काढला, घरी येऊन एका ॲपमध्ये त्याचं कार्टून केलं आणि न विचारता ग्रुपवर टाकलं. कार्टूनमध्ये तिचे दात जरा जास्तच पुढे आले. एकाने लिहिलं, "सशाबाई आल्या!" शाळेत तिला तसं चिडवायचे. मीही हसण्याचा इमोजी टाकला. रात्रीच ती ग्रुपमधून बाहेर पडली, आता फोन उचलत नाही. मी मेसेज लिहून ठेवलाय: "अगं, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी हं. मजेत टाकलं होतं, सगळ्यांना आवडलं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस 🙏" पाठवू का?
– पाचपाखाडी, ठाणे

नका पाठवू.

तुमची मेल रविवारी दुपारी आली, तेव्हा लगेच एक ओळ उलट कळवली होती: आधी चित्र काढा. ते इथे पुन्हा लिहिते, कारण उशीर केला तर हा मार्ग बंद होतो. स्वतः पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढायला व्हॉट्सॲप दोन दिवसांपेक्षा थोडाच जास्त वेळ देतं. चित्रावर बोट दाबून धरायचं आणि Delete for everyone निवडायचं. घाईत Delete for me दाबलं, तर चित्र फक्त तुमच्या नजरेआड होतं आणि बाकीचे बघत बसतात. नीट काढलं तरी ज्यांच्या गॅलरीत ते आपोआप उतरलंय किंवा ज्यांनी पुढे ढकललंय, त्यांच्याकडे ते राहू शकतं. म्हणून तिला "सगळीकडून काढलं" असं सांगू नका. उद्या कुणाच्या फोनवर तिला ते दिसलं, तर माफीही खोटी ठरेल.

आता तुमचा मसुदा. "वाईट वाटलं असेल तर" यातल्या 'तर'मुळे सगळा भार तिच्यावर जातो. ती ग्रुप सोडून गेली, आणखी कुठली खूण हवी? "सगळ्यांना आवडलं" हे तर वाचवत नाही. त्या सगळ्यांच्या हसण्यामुळेच ती गेली ना! आणि मनाला काय लावून घ्यायचं, हे चूक करणाऱ्याने सांगू नये.

पण या मेसेजमध्ये जे नाही, ते मला जास्त खटकलं. तुमच्या मते भांडण कार्टूनचं आहे. मला तसं वाटत नाही. न विचारता फोटो टाकणं चुकलंच, पण तेवढ्यावर ती कदाचित दोन दिवस रुसली असती. शाळेतलं ते नाव इतक्या वर्षांनी ५२ जणांसमोर निघालं आणि त्याखाली हसू जिवलग मैत्रिणीचंही! पत्रात तुम्ही इमोजीला एकच वाक्य दिलंय, मेसेजमध्ये तेही नाही. तिने मात्र तो नक्की पाहिला असणार.

मी लिहिलं असतं तर साधारण असं:

"अगं, तुझ्या फोटोचं कार्टून करून मी तुला न विचारता ग्रुपवर टाकलं. ते चुकलं. त्याहून वाईट म्हणजे तुला ते जुनं नाव घेऊन चिडवलं, तेव्हा त्याला थांबवायचं सोडून मी हसले. मला माफ कर. चित्र ग्रुपवरून काढलंय, ॲपमधून आणि माझ्या फोनमधूनही. कुणी आधीच घेऊन ठेवलं असेल तर ते मला परत आणता येणार नाही. ग्रुपवर मी काही लिहावं असं तुला वाटत असेल तर सांग, नाहीतर तिथे विषय काढणार नाही. उत्तर दे असं म्हणत नाही."

चित्र काढलंय हे मुद्दाम लिहायचं, कारण ती ग्रुपबाहेर आहे, तिला ते एरवी कळणार नाही. चिडवायचं ते नाव मेसेजमध्ये परत लिहू नका. इमोजी एकही नको, हात जोडलेलासुद्धा नको. तुमच्याच भाषेत दोन शब्द इकडे तिकडे करा, नाहीतर तिला लगेच कळेल की हे कुणीतरी लिहून दिलंय.

तिने होकार दिला तरच ग्रुपवर लिहा, आणि तेही दोनच ओळी: "शनिवारचं चित्र मी न विचारता टाकलं होतं, चूक माझी. कुणाकडे असेल तर काढून टाका." एवढ्यावर थांबा. कळवळून लांबलचक लिहिलंत तर ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही "काय झालं?" म्हणत विचारायला लागतील. सशाबाई म्हणणाऱ्याला मात्र वेगळा फोन करून स्पष्ट सांगा. आणि तिला परस्पर ग्रुपमध्ये परत घेऊ नका, हे पुन्हा न विचारता केल्यासारखंच होईल.

निळ्या खुणा दिसतील आणि उत्तर येणार नाही, असं होऊ शकतं. मग "वाचलंस का गं?" नको, बाकीच्या दोघींना मध्यस्थीला पाठवणं नको. आठवड्याने नुसतं "ठीक आहे" आलं, तर तेवढ्यावर "मग तलावपाळीला कधी भेटायचं?" असं लगेच विचारू नका. तिने बोलावलं तर जा, आणि फोन पर्समध्येच राहू द्या.