बाकी किती, कधीपर्यंत, नाहीतर काय

"आमचं मंगल कार्यालय आहे. 28 नोव्हेंबरची तारीख दीड लाख भाड्याने दिली, पन्नास हजार अ‍ॅडव्हान्स आला. 'उर्वरित रक्कम लवकरात लवकर भरावी, अन्यथा बुकिंग रद्द व अ‍ॅडव्हान्स जप्त' असा मेसेज दोनदा पाठवला. पार्टी म्हणते, राहिलेले लाख लग्नाच्या दिवशी देतो. अ‍ॅडव्हान्स जप्त करून तारीख दुसऱ्याला देऊ का?"

आत्ताच नको. त्यांच्या बोलण्यातला 'लाख' बघा. दीड लाखातून पन्नास हजार वजा, एवढाच त्यांचा हिशेब. तुम्ही पाठवलेल्या पावतीत मात्र 18 टक्के जीएसटीचे 27,000 आणि 20,000 अनामत वेगळी आहे. म्हणजे तुम्हाला हवेत 1,47,000, आणि हा आकडा दोन्ही मेसेजांत कुठेच नाही. पावतीवर 'कार्याच्या एक महिना आधी' छापलंय, तर मेसेजात 'लवकरात लवकर'. लग्नघरात याचा अर्थ 'हॉलवर आल्यावर' असाच होतो!

जप्तीचं कलम पावतीवर आहे, हे बरं. नसतं तर आता मेसेजातून नव्याने घालता आलं नसतं. तरी पूर्ण पन्नास हजार ठेवून घेणं धोक्याचं आहे. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. नुकसानच झालं नसेल तर जप्ती टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात सांगितलं. तीच तारीख त्याच भाड्याला दुसरीकडे गेली, तर तुमचं नुकसान काय दाखवणार?

म्हणून मी असं लिहीन:

"28 नोव्हेंबरच्या कार्याचं भाडं 1,50,000 + जीएसटी 27,000 = 1,77,000. जमा 50,000. बाकी 1,27,000. शिवाय अनामत 20,000, कार्यानंतर मोडतोड नसल्यास परत. एकूण 1,47,000 रुपये 28 ऑक्टोबर, संध्याकाळी 6 पर्यंत खात्यात जमा व्हावेत. न झाल्यास बुकिंग रद्द होईल. तारीख त्याच भाड्याला पुन्हा गेली तर 50,000 पैकी 10,000 खर्चापोटी ठेवून 40,000 परत करू. गेली नाही तर 50,000 परत मिळणार नाहीत."

दहा हजार मी धरलेत. जाहिरात, दलाली असा तुमचा खरा खर्च निघेल तोच आकडा घाला.

खाली खाते क्रमांक द्या आणि एनईएफटीने भरायला सांगा. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाख. शेवटच्या संध्याकाळी तिथेच अडकतील आणि 'आम्ही भरत होतो' असा वाद होईल. मेसेज बुकिंग ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच पाठवा, नवऱ्या मुलाच्या मामाला नको. 'मिळाला' एवढं उत्तर लेखी घ्या. 29 ऑक्टोबरला पैसे नसतील, तर रद्द केल्याचं लेखी कळवून मगच तारीख दुसऱ्याला द्या.