निम्मं दृश्य कापलं म्हणजे निम्मी हिंसा कमी होत नाही

प्रिय,

तुझं पत्र आणि तुझ्या चित्रपटासाठी प्रमाणन मंडळाच्या समितीने दिलेली कट्सची यादी दोन्ही मिळाली. यादीत दोनच जागा आहेत. नवरा बायकोला मारतो ते दृश्य निम्म्याने कमी करायचं, आणि थोरल्या मुलीच्या आत्महत्येच्या प्रयत्नातले जवळचे शॉट काढून टाकायचे. हे केलं तर ‘यूए 16+’ प्रमाणपत्र, नाही केलं तर फक्त प्रौढांसाठीचं ‘ए’. तू लिहिलंस, “हे दोन्ही कट म्हणजे माझ्या अभिव्यक्तीवर घाला आहे, मी एकही फ्रेम काढणार नाही.” तुझा संताप मला कळतो. पण त्या दोन जागा एकाच मापाने मोजू नकोस. माझ्या मते एका जागी तुझं बरोबर आहे आणि दुसऱ्या जागी समितीचं.

आधी मारहाणीचं दृश्य. यात माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली होती, ती सांगते. मी नुकतीच स्वतंत्रपणे संकलन करू लागले होते. आमच्या चित्रपटात असंच दृश्य होतं, एकूण 54 सेकंदांचं. त्यातली प्रत्यक्ष मारहाण 9 सेकंदांची. उरलेली 45 सेकंदं नंतरची होती: बाई भिंतीला धरून उठते, सांडलेलं पीठ हाताने गोळा करते, दारात उभं असलेलं पोर तिच्याकडे न बघता आत निघून जातं. आम्हालाही तेच सांगण्यात आलं होतं, दृश्य निम्मं करा. प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली, निर्माते घायकुतीला आलेले. मारहाण ठेवणं कथेला भाग होतं, कारण पुढे पोलिसांत जाण्याचा प्रसंग त्यावर उभा होता. म्हणून मी नंतरचा भाग कापला. 54 ची 27 सेकंदं झाली: 9 मारहाणीची, 18 नंतरची. कागदावर दृश्य निम्मं झालं. पडद्यावर मात्र मारहाणीचा वाटा एक षष्ठांश होता तो एक तृतीयांश झाला. पोर गेलं, पीठ गेलं. थेटरात पहिल्या आठवड्यात मी मागच्या रांगेत बसले होते. चापट बसली आणि पुढून दोन-तीन जण हसले. आधीच्या खाजगी खेळात त्याच जागी कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

प्रेक्षकाला जपायचं म्हणून आपण जे कापतो, ते बहुतेक वेळा परिणाम असतात, कृती नव्हे. परिणाम लांबलचक असतात, संथ असतात, वेळ मोजला की तेच आधी हाताला लागतात. आणि परिणाम काढले की हिंसा हलकी होते, करमणुकीची होते. कोवळ्या प्रेक्षकाला खरा धोका अशाच हिंसेचा, जिच्यात कुणाला फारसं लागत नाही आणि कुणी रडत नाही. तू सुनावणीला जाशील तेव्हा ‘कलास्वातंत्र्य’ हा शब्द शेवटी काढ, नाहीतर काढूच नकोस. त्याऐवजी दृश्याचा हिशेब मांड. मारहाण किती सेकंद, परिणाम किती सेकंद, कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, मार बसताना संगीत आहे की नाही. तुझ्या दृश्यात संगीत नाही आणि कॅमेरा पूर्णवेळ बाईच्या उंचीवर आहे, हे मी पाहिलं आहे. हेच बोलून दाखव.

याला कायद्याचा आधार आहे. केंद्र सरकारच्या 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत चित्रपट त्याच्या एकूण परिणामाच्या दृष्टीने समग्रपणे पाहावा, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. त्याचं सर्वांत ठळक उदाहरण ‘बँडिट क्वीन’. त्यातल्या एका दृश्यात बाईला नग्न करून गावासमोर नेलं जातं. मंडळाच्या निर्णयांविरुद्धची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने ते ठेवून ‘ए’ प्रमाणपत्र द्यायला सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने ते प्रमाणपत्र रद्द केलं, आणि 1 मे 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा उभा केला. न्यायालयाचं म्हणणं असं की ती नग्नता वासना चाळवायला नाही, अत्याचार करणाऱ्यांबद्दल चीड यावी म्हणून आहे. बघ, न्यायालयाने “काय दाखवलं” एवढ्यावर थांबून चालणार नाही असं मानलं आणि “कशासाठी दाखवलं, बघणाऱ्याच्या मनात काय उमटतं” इथवर गेलं. तुझ्या दृश्याची बाजू याच वाटेने मांडायची.

पण त्या निकालातली एक गोष्ट तुझ्यासारखे तरुण विसरतात. ते दृश्य वाचलं ते ‘ए’ प्रमाणपत्रासह. सगळ्यांनी बघावं असं न्यायालयाने कधीच म्हटलं नाही. मोठ्यांचं स्वातंत्र्य आणि लहानांचं रक्षण एकाच चित्रपटात बसवायचं तर मार्ग एकच उरतो, वयाची रेघ. 1983 मध्ये ‘सेन्सॉर’ हा शब्द जाऊन मंडळाच्या नावात ‘प्रमाणन’ आलं, त्याचा अर्थ तोच होता. लोकांच्या तोंडी अजून सेन्सॉरच आहे, आणि सवयही बऱ्याचदा कापण्याचीच आहे, ही माझी जुनी तक्रार. तरी रेघ कुठली हे समजून घे. ‘ए’ म्हणजे अठराच्या आतल्याला थेटरात घेता येत नाही, तिथे दार खरोखर बंद असतं. ‘यूए’ची तीन वयं, 7+, 13+ आणि 16+, ही 2023 च्या दुरुस्तीने आली. ती पालकांसाठी सूचना आहेत. ‘यूए 16+’ लिहिलेल्या चित्रपटाला बाप आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन बसला तर त्याला कुणी उठवत नाही. समितीतला माणूस तुझं दृश्य बघताना त्या आठ वर्षांच्या मुलाचाही विचार करतो. त्याला दोष देऊ नकोस, तो विचार करणं हेच त्याचं काम आहे.

आता दुसरी जागा. थोरलीच्या प्रसंगात तू तिच्या हातातली वस्तू जवळून दाखवली आहेस, मग तिची तयारी, मग क्रमाने पुढची प्रत्येक पायरी. अकरा सेकंदांत पाच शॉट. मी ते एडिट टेबलवर थांबवून थांबवून पाहिले आणि माझं मन कचरलं. यात तिचं दुःख कुठेच नाही, आहे ती फक्त रीत. असा तपशील अडचणीतल्या माणसाला वाट दाखवू शकतो, आणि हा नैतिकतेचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये चित्रपट आणि रंगमंचावर काम करणाऱ्यांसाठी खास पुस्तिका काढली, तिच्यातही आत्महत्येची पद्धत तपशिलाने दाखवू नका असंच सांगितलेलं आहे. इथे ‘ए’ घेऊनही प्रश्न सुटत नाही, कारण हा धोका अठरा वर्षं पूर्ण झाली की संपत नाही. पंचविशीतला, पन्नाशीतला माणूसही तितकाच कोसळलेला असू शकतो.

पाचही शॉट काढ. समितीने सांगितलं म्हणून नको, तुझं दृश्य त्याने सुधारेल म्हणून. तुझ्या रफ कटमध्ये धाकटीचा एक शॉट होता, ती बंद दाराला कान लावून उभी आहे आणि मग पायाच्या अंगठ्याने उंबरा कुरतडते आहे. तो तू गती मंद होते म्हणून टाकलास. तो परत आण, आठ सेकंदं पुरेत. आवाज आतला नको, बाहेरचाच ठेव. घटना कळेल, पद्धत कळणार नाही, आणि प्रेक्षक धाकटीसोबत दाराबाहेर अडकेल. मला तर पहिल्यापासून तोच शॉट त्या प्रसंगाचा जीव वाटतो.

मग राहिलं प्रमाणपत्र. तुझे निर्माते ‘यूए’साठी अडून बसले आहेत, त्यामागे नीतिमत्ता नाही, दूरचित्रवाणीचे हक्क आहेत. ‘ए’ चित्रपट टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, म्हणून त्याला भाव कमी येतो. आपल्याकडचे किती तरी कट समितीच्या खोलीत नव्हे, याच हिशेबावर होतात, आणि त्यांची कुठे चर्चाही होत नाही. पण 2023 च्या दुरुस्तीत ‘ए’ चित्रपटाला योग्य ते बदल करून टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र घेण्याची सोय झाली आहे. निर्मात्यांना हे समजावून सांग: थेटरात पूर्ण दृश्यासह ‘ए’, टीव्हीसाठी वेगळी प्रत. तीही तूच काप, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, आणि कापताना माझ्या त्या 27 सेकंदांची आठवण ठेव. वेळ कमी करायचीच असेल तर मारहाण कमी कर. आवाज दाराआडून आला तरी चालेल, पण पीठ गोळा करणारे हात राहू देत.

क्रम असा धर. आत्महत्येचे शॉट आधी स्वतःहून काढ आणि तसं लेखी कळव. मग मारहाणीच्या दृश्यापुरतं म्हणणं मांड. समितीच्या सदस्यांसमोर चित्रपट चालू असताना तुला आत बसता येत नाही, म्हणून जे सांगायचं ते सुनावणीत आणि लेखी पत्रात नेमकं यायला हवं, दीड पानाच्या वर नको. ‘यूए 16+’ पूर्ण दृश्यासह मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं, तिथे पहिल्या समितीतले सदस्य नसतात. त्यानंतर पूर्वी न्यायाधिकरण होतं, पण 2021 मध्ये ते बरखास्त झालं. आता थेट उच्च न्यायालय, म्हणजे वकील, खर्च आणि महिने. तिथवर जाण्यासारखी तुझी लढाई नाही. ‘ए’ हातात असताना तुझं दृश्य शाबूत आहे, आणि माझ्या मते तुझ्या चित्रपटाला ‘ए’ शोभतंही. बारा वर्षांच्या मुलाने तो एकट्याने बघावा असं तुलाही वाटत नसणार.

एकच काम आज कर, निर्मात्यांना प्रदर्शनाची तारीख जाहीर करू देऊ नकोस. तारीख लागली की दहा दिवस उरतात आणि माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. माझी ती 27 सेकंदं तशीच झाली.

मारहाणीच्या दृश्याचे दोन्ही पाठ, थेटरचा आणि टीव्हीचा, टाइमकोडसह पाठव. शुक्रवारपर्यंत आले तर सुनावणीआधी मी ते पूर्ण बघून टिपणं काढून ठेवते.

तुझी,
ताई