मोठा ग्राहक गेला, त्या महिन्याचा इन्व्हेस्टर अपडेट

प्रश्न: मोठा ग्राहक गेलाय. या महिन्याच्या अपडेटमध्ये ते कसं लिहू?

आकड्यांच्या लगेच खाली लिहा, रनवेवरच्या, म्हणजे पैसे किती महिने पुरतील त्यावरच्या, परिणामासकट. समजा बँकेत ९० लाख आहेत, महिन्याचा खर्च २२ लाख आणि जमा ७ लाख. म्हणजे महिन्याची तूट १५ लाख आणि पैसे ६ महिने पुरतील. महिना २ लाख देणारा ग्राहक गेला की तूट १७ लाखांवर जाते आणि रनवे जेमतेम सव्वापाच महिने उरतो. हे तुम्हीच सांगा, कारण गुंतवणूकदार हा हिशेब करतातच. तो का गेला, तेही एका वाक्यात येऊ द्या.

मदत मागताना नुसतं ‘ओळखी करून द्या’ म्हणू नका, त्यावर कोणी हलत नाही. ‘चाकणमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या दोन खरेदीप्रमुखांशी बोलायचंय’ असं लिहा आणि जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर खाली जोडा.